पिन कशाला करायचं आणि नवा मेसेज कधी टाकायचा? मोहल्ल्याच्या ग्रुपसाठी साधा हिशेब

पावसाळ्यातली एक सकाळ. आसनगावातल्या आमच्या ग्रुपवर फजरनंतर थोड्याच वेळात एका बुजुर्गांच्या इंतकालची खबर आली. मुलगा पुण्याहून निघाला होता, त्यामुळे मेसेजमध्ये लिहिलं होतं, ‘जनाजा असरच्या नमाजनंतर.’ एका ॲडमिनने तो मेसेज लगेच पिन केला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

दहा वाजेपर्यंत मुलगा पोहोचला. पाऊस वाढत होता आणि कब्रस्तानच्या वाटेवर चिखल होत होता. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की आता थांबायचं नाही, जोहरनंतरच दफन करायचं. ग्रुपवर तसा नवा मेसेज पडला. पण त्या वेळी ग्रुपवर ‘इन्ना लिल्लाहि’चे मेसेज धडाधड येत होते. पंधरा-वीस मिनिटांत नवा मेसेज कुठल्या कुठे वर निघून गेला. पिन मात्र जागच्या जागी होती आणि ती ‘असर’च सांगत होती.

दुपारी चारनंतर कल्याण आणि भिवंडीहून चार-पाच जण आले. तोवर कब्रीवर माती पडून दोन तास झाले होते. त्यातल्या एका चाचांनी फोन पुढे केला आणि म्हणाले, “बेटा, वर तर असरच लिहिलंय ना?” कोणाकडेच उत्तर नव्हतं. खोटं कोणी बोललं नव्हतं. बदल सांगायलाही कोणी विसरलं नव्हतं. विसरली होती फक्त जुनी पिन उतरवायची.

पिनचा आवाज मोठा असतो

या घटनेतून जी गोष्ट कळते, ती ग्रुप चालवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पिन आणि नवा मेसेज एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील, तर लोक पिनवर विश्वास ठेवतात.

त्याचं कारण साधं आहे. नवा मेसेज आला की फोन वाजतो. ज्याने त्या क्षणी पाहिलं त्याला कळलं. दोन तासांनी ग्रुप उघडणाऱ्यासमोर शंभर मेसेज साचलेले असतात. तो ते सगळे वाचत नाही, वरच्या पट्टीकडे बघतो. पट्टीवर जे आहे ते कोणीतरी जबाबदार माणसाने मुद्दाम ठेवलंय, म्हणजे तेच खरं, असं तो धरून चालतो. त्याचं चुकत नाही. पिनचा अर्थच तो आहे.

दोघांची कामं वेगळी आहेत. नवा मेसेज *सांगायला* असतो. पिन *शोधायला येणाऱ्यासाठी* असते. पिन केल्यावर चॅटमध्ये ‘अमक्याने मेसेज पिन केला’ अशी बारीक ओळ उमटते, पण नव्या मेसेजसारखा फोन वाजत नाही. म्हणून नुसती पिन बदलून खबर पोहोचत नाही, आणि नुसता मेसेज टाकून जुनी खबर पुसली जात नाही. बदल झाला की दोन्ही कामं करावी लागतात.

मस्जिदीच्या भिंतीवर हे उत्तर आधीपासून आहे

ही विभागणी आपल्याला नवी नाही. मस्जिदीत गेलात की भिंतीवर दायमी औकातचा तक्ता असतो. वर्षाच्या प्रत्येक तारखेला कोणत्या नमाजचा वक्त कधी सुरू होतो, ते त्यात दिलेलं असतं. तो तक्ता वर्षानुवर्षं तोच राहतो, कारण सूर्य ठरलेल्या तारखेला जवळजवळ ठरलेल्याच वेळी उगवतो आणि मावळतो.

त्याच्या शेजारी जमातीच्या वेळांची घड्याळं असतात. काही ठिकाणी खोटे काटे असलेल्या तबकड्या, काही ठिकाणी डिजिटल बोर्ड. या वेळा जमात ठरवते आणि ऋतूप्रमाणे बदलते. इमाम साहेब किंवा मुअज्जिन काटे फिरवतात. इथे एक गोष्ट बघा. नवी वेळ लावली की जुनी आपोआप जाते, कारण काटा एका वेळी एकाच जागी असू शकतो.

तिसरी गोष्ट म्हणजे माईकवरचा एलान. ‘फलां साहेबांचा जनाजा जोहरनंतर’, ‘उद्या पाण्याचा टँकर येणार’. एलान ऐकू आला की त्याचं काम संपलं. तो भिंतीवर लिहून कोणी ठेवत नाही.

ग्रुपमध्येही याच तीन जागा आहेत. दायमी तक्त्याची जागा म्हणजे ग्रुपची माहिती, जी ग्रुपच्या नावावर बोट लावलं की दिसते. जमातीच्या घड्याळाची जागा म्हणजे पिन. एलानची जागा म्हणजे नवा मेसेज. गोंधळ होतो तो एलान भिंतीवर ठोकला की. पिन ही घड्याळासारखी असली तरी तिचा काटा आपोआप हलत नाही, तो कोणीतरी हलवावा लागतो.

रमजानचं कार्ड: काय टिकतं, काय शिळं होतं

कोणती माहिती किती टिकते हे ओळखायला रमजानचं कार्ड चांगलं उदाहरण आहे. सेहरी-इफ्तारचं कार्ड ग्रुपवर हमखास पिन होतं आणि हमखास पुढच्या वर्षी तेच चित्र कोणीतरी पुन्हा पाठवतं.

आपल्याकडे 2024 मध्ये पहिला रोजा 12 मार्चला होता, 2025 मध्ये 2 मार्चला. म्हणजे दहा दिवस आधी. 2024 चं कार्ड 2025 मध्ये कोणी ‘पहिला रोजा’ बघून वापरलं, तर तो 12 मार्चची वेळ 2 मार्चला पाळतोय. त्या दहा दिवसांत सूर्यास्त साधारण तीन मिनिटांनी पुढे सरकतो, म्हणजे इफ्तार तीन मिनिटं उशिरा. सकाळचा फरक जास्त असतो, सुमारे आठ मिनिटांचा. सेहरी विनाकारण आठ मिनिटं आधी बंद होते.

पण त्याच कार्डात कोणी रोजाचा नंबर न बघता इंग्रजी तारीख बघितली, तर 20 मार्चची वेळ 2024 मध्ये जी होती, जवळपास तीच 2025 मध्येही असते. म्हणजे एकाच कागदावर दोन प्रकारची माहिती आहे. तारीख आणि वक्त टिकाऊ, रोजाचा नंबर त्या वर्षापुरता. चांद दिसला की तो नंबर ठरतो आणि ईदचा चांद दिसला की त्याचं काम संपतं.

तिसरी गोष्ट जागेची. बरीच कार्डं मुंबईच्या वेळेची असतात. आसनगाव मुंबईच्या पूर्वेला आहे, रेखांशात जवळजवळ अर्ध्या अंशाने. एक अंशाला चार मिनिटं धरतात, तर आपल्याकडे सूर्य मुंबईच्या सुमारे दोन मिनिटं आधी उगवतो आणि आधीच मावळतो. मुंबईच्या कार्डाने इफ्तार केला तर दोन मिनिटं उशीर, त्याने रोजाला काही होत नाही. पण सेहरी मुंबईच्या शेवटच्या मिनिटापर्यंत खात बसलो, तर इथला वक्त दोन मिनिटांपूर्वीच संपलेला असतो. कार्डावर एहतियात म्हणून काही मिनिटं धरली असतील तर निभावतं. धरली आहेत की नाही, ते कार्ड काढणाऱ्यालाच ठाऊक.

म्हणून कार्ड पिन करायच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात: कोणत्या सालचं आहे, कोणत्या गावच्या वेळेचं आहे, आणि ते कधी उतरवायचं. या तिन्ही गोष्टी चित्राच्या वर मजकुरात लिहाव्यात, कारण पट्टीवर चित्राचा तपशील दिसत नाही, सुरुवातीची एखादीच ओळ दिसते.

दोन प्रश्न विचारा

कोणताही मेसेज समोर आला की ठरवायला दोन प्रश्न पुरतात.

पहिला: आज ज्याने हे वाचलं नाही, तो उद्या किंवा परवा हे शोधायला येईल का? नसेल येणार तर नवा मेसेज पुरे. पाणी अर्धा तास उशिरा येणार, कोणाची चावी सापडली, यासाठी पिन नको.

दुसरा: तो शोधायला येईल तेव्हा हे अजून खरं असेल का? नसेल तर पिन धोक्याची आहे, मग मेसेज कितीही महत्त्वाचा असो.

इथेच बहुतेक ॲडमिन चुकतात. त्यांना वाटतं, जे महत्त्वाचं ते पिन करायचं. पण दर तासाला बदलणारी खबर महत्त्वाची असली तरी पिन करण्यासारखी नसते. आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. 29 ऑगस्ट 2017 ला सकाळी वासिंद आणि आसनगावच्या मध्ये नागपूर-मुंबई दुरांतो घसरली. जोरदार पावसात दरड रुळांवर आली होती, इंजिनासह नऊ डबे रुळांवरून उतरले. कसारा मार्गावरची वाहतूक विस्कळीत झाली. तेव्हा व्हॉट्सॲपवर पिनची सोय नव्हती. पण आज तसं काही झालं तर काय पिन करायचं?

‘गाड्या बंद आहेत’ हे पिन करायचं नाही. सकाळी खरं असलेलं ते वाक्य दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी खोटं होऊ शकतं, आणि ज्याची ड्युटी आहे तो घरीच बसून राहतो. गाडी कुठवर येतेय, कुठून सुटतेय, हे प्रत्येक वेळी नवा मेसेज म्हणून टाकायचं आणि त्यावर वेळ लिहायची: ‘सकाळी 11:20 ची खबर’. पिन करायची ती त्या दिवसभर न बदलणारी माहिती: चौकशीसाठी रेल्वेचा 139 नंबर, शहापूरहून एसटी आणि नाशिक महामार्गाने कल्याण-ठाण्याकडे जायचा पर्याय, आणि ग्रुपमधला कोण स्टेशनवर उभा राहून खबर देतोय. माणूस ती पिन उघडेल ते खात्री कशी करायची हे बघायला. खबर मात्र नव्या मेसेजमधून येईल.

रविवारच्या मेगाब्लॉकचं उलटं आहे. त्याच्या वेळा आधीच ठरलेल्या असतात आणि शनिवारी रात्री लोक त्या शोधतात. तो पिन करावा, पण चोवीस तासांसाठी. महिनाभरासाठी केला तर पुढच्या रविवारी कोणीतरी मागच्या ब्लॉकच्या भरवशावर घरातून निघेल.

जागा तीनच आहेत

व्हॉट्सॲपने डिसेंबर 2023 मध्ये एक मेसेज पिन करायची सोय दिली आणि 2024 मध्ये ती तीन मेसेजपर्यंत वाढवली. पिन करताना ॲप विचारतं, 24 तास, 7 दिवस की 30 दिवस? बहुतेक लोक न वाचता पुढे जातात आणि आपोआप निवडलेले सात दिवस राहतात. जनाजाच्या मेसेजला सात दिवस कशाला? दुसऱ्या दिवसापासून तो चुकीचाच असतो.

चौथी पिन लावली की सर्वांत जुनी पिन खाली उतरते. ॲप तसं विचारतं, पण घाईत ‘हो’ म्हटलं जातं. गंमत अशी की सर्वांत जुनी पिन बहुतेक वेळा सर्वांत टिकाऊ असते. मय्यतच्या सामानाची चावी कोणाकडे, कब्र खोदणाऱ्या भाईंचा नंबर कोणता, हे महिन्याच्या सुरुवातीला लावलेलं असतं. मग कोणीतरी क्रिकेटच्या मॅचची पिन लावतो आणि रात्री दोनला ज्याला तो नंबर हवा, त्याला तो सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे कायमची माहिती पिनमध्ये ठेवायचीच नाही. तसंही व्हॉट्सॲपवर तीस दिवसांपेक्षा जास्त पिन राहत नाही. शिवाय पिन केलेला मेसेज पडल्यानंतर जो ग्रुपमध्ये आला, त्याला तो जुना मेसेज सहसा दिसत नाही. नवीन भाडेकरू आला, ग्रुपला जोडला गेला, आणि त्याला वाटतं इथे कोणी काही सांगतच नाही. ग्रुपची माहिती मात्र नव्या-जुन्या सगळ्यांना दिसते. म्हणून रुग्णवाहिकेचा 108, पोलिसांचा 112, मस्जिदीच्या जबाबदार माणसाचा नंबर, मय्यतच्या सामानाची जागा, हे सगळं तिथे लिहावं.

टेलिग्राम वापरणाऱ्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. तिथे पिनला मुदत नाही. कोणी उतरवेपर्यंत ती तशीच राहते, वर्षभरसुद्धा. त्यामुळे तिथे उतरवण्याची शिस्त आणखी गरजेची.

पिन उतरवायची कशी आणि कोणी

पिन उतरवणं सोपं आहे. मेसेजवर बोट दाबून धरा आणि `Unpin` निवडा. मेसेज पुसला जात नाही, फक्त वरच्या पट्टीवरून जातो. अडचण बटणाची नाही, अडचण अशी की हे काम कोणाचंच नसतं.

म्हणून पहिली गोष्ट, लावणारा आणि उतरवणारा एकच असावा. ज्याने पिन लावली, त्यानेच ती खाली घ्यायची. तो गावाला जाणार असेल तर दुसऱ्या ॲडमिनला सांगून जायचं. यासाठी ग्रुपच्या परवानग्यांमध्ये `Edit group settings` फक्त ॲडमिनपुरतं ठेवावं. ते सगळ्यांना खुलं असेल तर कोणीही पिन लावू शकतो, आणि मग कोण उतरवणार यावर वाद होतात.

दुसरी गोष्ट, उतरवायची तारीख मेसेजमध्येच लिहावी, आणि पहिल्या ओळीत. ‘उद्या’, ‘आज’, ‘येत्या जुम्म्याला’ असे शब्द पिनमध्ये चालत नाहीत. सोमवारी लिहिलेला ‘उद्या’ बुधवारी वाचणाऱ्याला गुरुवार वाटतो. ‘शुक्रवार 14 तारखेपासून जुम्म्याची जमात दीड वाजता, पुढचा बदल होईपर्यंत’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला ते अजून लागू आहे की नाही हे स्वतःच ठरवता येतं.

तिसरी गोष्ट बदलाच्या वेळची, आणि इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी नवा, पूर्ण मेसेज टाका, म्हणजे फोन वाजेल. लगेच जुनी पिन काढा. मग नवा मेसेज पिन करा. जुन्या मेसेजमध्येच गुपचूप दुरुस्ती करू नका. व्हॉट्सॲप पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्ती करू देतं, पण त्याने कोणाचा फोन वाजत नाही. ज्याने आधी वाचलं त्याच्या डोक्यात जुनीच वेळ राहते. आणि नव्या मेसेजमध्ये जुनी वेळ रद्द झाल्याचं लिहा: ‘आधी असर सांगितलं होतं, ते रद्द.’ नाहीतर दोन्ही मेसेज वाचलेल्याला कळत नाही कोणता नंतरचा.

चौथी गोष्ट, आठवड्यातून एकदा नजर टाकायची. जुम्म्याचा दिवस सोयीचा आहे. नमाजनंतर एका ॲडमिनने तिन्ही पिन उघडून वाचायच्या. पट्टीवर एका वेळी एकच दिसते, तिच्यावर बोट लावलं की पुढची येते, म्हणून तिन्हींपर्यंत जायला हवं. तिथे लिहिलेला नंबर अजून लागतो का? ती तारीख गेली का?

शिळी पिन ओळखायची आणखी एक खूण आहे. पिन वर असूनही लोक ग्रुपवर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असतील, तर समजा की त्यांचा त्या पिनवरचा भरवसा उडालाय. दोनदा चुकीची वेळ दाखवलेल्या पट्टीकडे लोक तिसऱ्यांदा बघतच नाहीत. मग खरी तातडीची गोष्ट पिन केली तरी ती कोणाच्या नजरेला पडत नाही.

ती सकाळ पुन्हा

आता त्या जनाजाच्या सकाळकडे परत जाऊ. काय करायला हवं होतं?

पहिला मेसेज पिन करणं योग्यच होतं. दुःखाचे मेसेज येणार, वेळ खाली दबणार, आणि लोक ती शोधत येणार. फक्त पिन चोवीस तासांची हवी होती आणि पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं: ‘जनाजा गुरुवारी असरनंतर, सव्वापाच. मुलगा पोहोचल्यावर वेळ बदलू शकते.’ एवढ्या एका ओळीने बाहेरगावच्या माणसाने निघण्याआधी एक फोन केला असता.

वेळ बदलली तेव्हा, ‘वेळ बदलली. जनाजा आज गुरुवारी जोहरनंतर, पावणेदोन. असर रद्द’, असा मेसेज टाकून जुनी पिन काढायची आणि ही लावायची. दोन मिनिटांचं काम. आणि जे बाहेरगावहून येणार हे माहीत आहे, त्यांना फोन करायचा. रस्त्यात असलेला माणूस ग्रुप बघेलच असं नाही. पिन कितीही नीट लावली तरी त्या फोनची जागा ती घेत नाही.

दफन झालं की पिन उतरवायची. त्याच संध्याकाळी, चोवीस तास संपायची वाट न बघता.

आमच्या ग्रुपने त्यानंतर एक ठराव केला. मय्यतची पिन लावेल तो दफन होईपर्यंत फोन हातात ठेवेल, आणि त्याला जमणार नसेल तर त्याने पिन लावायचीच नाही, दुसऱ्याला सांगायचं. त्या चाचांनाच आता हे काम दिलंय. पिन बदलली की ते ग्रुपवर लिहितात, ‘जुनी काढली, नवी लावली.’ आणि कल्याणवाल्यांना आधी फोन करतात.